बुधवारचा स्क्रीनशॉट आणि तीन दिवसांचा ट्रेक

ट्रेकच्या ग्रुपवर कुणीतरी हवामानाच्या ॲपचा स्क्रीनशॉट टाकतं. तीन दिवसांच्या तीन ओळी, प्रत्येक ओळीत एक ढग, दोन तापमानं आणि पावसाची टक्केवारी. मिनिटाभरात दोन तट पडतात. एक म्हणतो, ‘८० टक्के पाऊस आहे, पुढच्या महिन्यात जाऊ.’ दुसरा म्हणतो, ‘ॲपचं काय ऐकता, निघू या.’ दोघांनीही ढगाचं चित्र पाहिलेलं असतं, पण आकडे वाचलेले नसतात. नीट वाचले तर त्याच आकड्यांतून कुठल्या दिवशी कुठला डोंगर चढायचा, किती वाजता खाली असायचं आणि सॅकमध्ये काय घालायचं, हे बऱ्यापैकी ठरवता येतं.

समजा, २ ऑक्टोबर शुक्रवारी आला आहे आणि जोडून तीन दिवसांची सुट्टी आहे. मुंबईच्या सहा जणांनी अकोले तालुक्यात जायचं ठरवलंय. शुक्रवारी कळसूबाई, शनिवारी रतनगड आणि रविवारी जाता जाता सांदण दरी, असा बेत आहे. दोन्ही मुक्काम गावातल्या घरांत, म्हणजे तंबूचा प्रश्न नाही. बुधवारी संध्याकाळी आलेल्या स्क्रीनशॉटमध्ये असं दिसतं: शुक्रवारी कमाल २८, किमान २० अंश, पावसाची शक्यता ४० टक्के, पाऊस ३ मिलिमीटर. शनिवारी २७ आणि २० अंश, शक्यता ८० टक्के, पाऊस २२ मिलिमीटर, ढगाखाली विजेची खूण. रविवारी २८ आणि १९ अंश, शक्यता ३० टक्के, पाऊस १ मिलिमीटर. वारा तिन्ही दिवस ताशी दहा ते पंधरा किलोमीटर, शनिवारी झोत ताशी ४० पर्यंत.

आकड्यांकडे जाण्याआधी चित्राच्या वरच्या कोपऱ्यातलं गावाचं नाव बघायचं. स्क्रीनशॉट कापताना नेमकं तेच उडवलेलं असतं. अकोले शोधायला गेलं की काही ॲप पहिल्यांदा विदर्भातलं अकोला दाखवतात. सह्याद्रीच्या ट्रेकसाठी अकोल्याचं हवामान घेऊन निघालेला माणूस नुसत्या टी-शर्टवर कळसूबाईला पोहोचेल. बरोबर अकोले निवडलं तरी काम भागत नाही. तालुक्याचं गाव घाटमाथ्यापासून बरंच पूर्वेला, पर्जन्यछायेत आहे. पश्चिमेकडच्या घाटघर-रतनवाडीला धो धो पाऊस असतो तेव्हा अकोल्यात रस्ता कोरडा असू शकतो. म्हणून शोधायचं ते रतनवाडी, भंडारदरा किंवा बारी. ॲपला गाव सापडत नसेल तर नकाशावर बोट दाबून नेमका बिंदू निवडायचा. आपण धरू या की आपला स्क्रीनशॉट रतनवाडीचा आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. अंदाज काढणारी संगणकीय प्रारूपं ठरावीक वेळीच नव्याने चालवली जातात. मुख्य फेऱ्या आपल्या घड्याळाने पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाचच्या निरीक्षणांवर असतात, आणि त्यांचा निकाल ॲपपर्यंत यायला काही तास जातात. त्यामुळे बुधवारी संध्याकाळी घेतलेल्या चित्रात बहुधा बुधवारच्या पहाटेची माहिती असते. शुक्रवारसाठी ती चालून जाईल, रविवारच्या ओळीवर मात्र पेन्सिलनेच लिहायचं. आणखी एक गंमत अशी की ग्रुपवर पाच जण पाच ॲपचे स्क्रीनशॉट टाकतात आणि सगळे सारखे निघाले की खात्री पटल्यासारखं वाटतं. पण त्यातले बरेच ॲप एकाच प्रारूपाचे आकडे वेगळ्या रंगात दाखवत असतात, तेव्हा ती पाच मतं नसतात. ‘विंडी’सारख्या ॲपमध्ये ECMWF आणि GFS अशी प्रारूपं वेगवेगळी निवडता येतात. दोन्हीही शनिवारी दुपारीच पाऊस दाखवत असतील तर त्या जुळण्याला वजन आहे. एक दुपारी आणि दुसरं मध्यरात्री दाखवत असेल, तर पाऊस येणार पण घड्याळ अजून ठरलेलं नाही, असं समजायचं.

आता टक्केवारी. ८० टक्के म्हणजे दिवसातला ८० टक्के वेळ पाऊस नव्हे आणि मोठा पाऊसही नव्हे. अशी परिस्थिती दहा वेळा आली तर त्यातल्या आठ वेळा त्या ठिकाणी मोजण्याइतका पाऊस पडतो, इतकाच त्याचा अर्थ. किती पडेल ते मिलिमीटर सांगतात. शुक्रवारचे ३ मिलिमीटर म्हणजे एक-दोन सरी, चालता चालता सुकून जाणाऱ्या. शनिवारचे २२ मिलिमीटर दिवसभरात झिरपले तर नुसता चिखल होईल, तासाभरात कोसळले तर ओढ्याला लोंढा येईल. दिवसाच्या ओळीवरून यातलं काय होणार हे कळत नाही. म्हणून शनिवारवर बोट ठेवून तासागणिक अंदाज उघडायचा आणि त्याचा वेगळा स्क्रीनशॉट घ्यायचा. माझ्या मते तीन दिवसांच्या ढगांपेक्षा हा दुसरा स्क्रीनशॉट जास्त कामाचा असतो. आपल्या उदाहरणात तो सांगतो की सकाळी अकरापर्यंत काहीच नाही, एकपासून आकडे वाढू लागतात, सर्वांत जास्त तीन ते पाचच्या दरम्यान, आणि रात्री आठनंतर पुन्हा शांत.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला हे घड्याळ पटण्यासारखं आहे. मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर आहे. जुलैत समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यामुळे सकाळ-संध्याकाळ सारखाच पाऊस असतो. परतीच्या दिवसांत सकाळ लख्ख असते, ऊन जमीन तापवतं, ओलसर हवा वर चढते आणि दुपारनंतर ढगांचे मनोरे उभे राहतात. मग वीज, वारा आणि थोड्या वेळात भरपूर पाऊस. हा पाऊस ठिगळाठिगळाने पडतो, एका खोऱ्यात कोसळतो आणि शेजारच्या खोऱ्यात धूळही भिजत नाही. त्यामुळे नेमक्या जागेबद्दल ॲप चुकतं, पण वेळेबद्दल सहसा फार चुकत नाही. जुलैचा ट्रेक आखताना घड्याळ फारसं उपयोगी पडत नाही, ऑक्टोबरात सगळा बेत त्याच्यावर बांधता येतो.

भारतीय हवामान विभागाचं पत्रक याच्या जोडीला वाचायचं. त्यात अंदाज जिल्ह्यानुसार असतो आणि ‘तुरळक ठिकाणी’, ‘काही ठिकाणी’ हे शब्द मोजून वापरलेले असतात. तुरळक म्हणजे जास्तीत जास्त पाव भागात, काही ठिकाणी म्हणजे पाव ते अर्ध्या भागात. रतनवाडी अहिल्यानगर जिल्ह्यात येते, पण हा जिल्हा सह्याद्रीच्या कड्यापासून जामखेडच्या कोरड्या माळापर्यंत पसरलेला आहे. म्हणून शेजारच्या नाशिक जिल्ह्याच्या घाट भागाला काय इशारा आहे तेही बघावं, कारण डोंगराची रांग जिल्ह्याची हद्द जुमानत नाही. तिथे शनिवारी नारिंगी किंवा लाल रंग असेल तर पुढचं काही वाचायची गरज नाही, चढाई रद्द. आपल्या उदाहरणात पिवळा आहे, सोबत ‘विजांच्या कडकडाटासह’ असे शब्द आहेत.

तापमानाचा आकडा गावाचा आहे, शिखराचा नाही. प्रारूपं जमिनीचे नऊ-दहा किलोमीटर रुंदीचे किंवा त्याहून मोठे चौकोन पाडून हिशोब करतात आणि त्या चौकोनात डोंगराची सरासरी काढली जाते. भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठची गावं समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहेत, कळसूबाई १६४६ मीटर आहे. किलोमीटरभर वर गेलं की सहा-साडेसहा अंश उतरतात, या हिशोबाने गावात पहाटे १९ अंश असतील तर माथ्यावर १४ च्या आसपास. वारा तर मोकळ्या शिखरावर गावाच्या दुप्पट लागू शकतो. १४ अंश ऐकायला काहीच नाहीत. पण घामाने भिजलेली पाठ आणि तासाला तीस किलोमीटरचा वारा असेल तर दहा मिनिटांत दात वाजू लागतात. तापमान, वारा आणि अंगावरची ओल हे तिन्ही एकत्र वाचले तरच थंडी कळते.

आता हे आकडे वाटेवर ठेवून बघू. ट्रेकच्या प्रत्येक टप्प्याला एकच प्रश्न विचारायचा: इथे कशाची भीती आहे? कळसूबाईच्या वाटेवर लोखंडी शिड्या आहेत, माथा उघडा आहे, वर एक छोटं देऊळ सोडलं तर आडोसा नाही. म्हणजे तिथे भीती विजेची आणि वाऱ्याची. रतनवाडीहून रतनगडाची वाट बराच वेळ झाडीतून जाते, पण सुरुवातीला ती प्रवरेचं पात्र ओलांडते. प्रवरा याच डोंगरात उगम पावते, तेव्हा वर पडलेला पाऊस थोड्याच वेळात खाली येतो. तिथे भीती पाण्याची, आणि शेवटच्या शिड्यांवर निसरड्याची. सांदण ही तर उभी चिरलेली अरुंद घळ. वर कुठे पाऊस झाला तर आतल्या माणसाला आभाळ निळं दिसत असतानाच पाणी येऊ शकतं.

ओढ्याचा हिशोब एकदा करून बघण्यासारखा आहे. एका चौरस किलोमीटरवर २२ मिलिमीटर पाऊस म्हणजे दोन कोटी वीस लाख लिटर पाणी. जूनच्या पहिल्या पावसात यातलं बरंचसं जमीन पिऊन टाकते. चार महिने भिजलेली सप्टेंबरअखेरची जमीन फारसं पीत नाही, पाणी सरळ ओढ्यात येतं. त्यामुळे शनिवारी दुपारी पाऊस झाला तर रतनगडाच्या वाटेवरचं पाणी शनिवारी संध्याकाळी आणि कदाचित रविवारी सकाळीही चढलेलं असेल. पाऊस थांबल्यावर वीज संपते, पाणी मात्र मागे राहतं.

इथे मूळ बेत आपोआप फिरतो. रतनगड शनिवारी ठेवला तर परतताना, दुपारी दोन-तीनच्या सुमाराला, नेमकं पावसाच्या वेळी पात्र ओलांडायला लागेल. रविवारी ठेवला तर आदल्या दिवसाचं पाणी आडवं येईल. राहिला शुक्रवार. कळसूबाईला पाण्याची एवढी अडचण नाही, तिला वीज नसलेला दिवस हवा, म्हणजे रविवारची सकाळ. शनिवार हा मधला दिवस गावातून गावात जाण्याचा. सांदण या खेपेला नाही. ‘एवढ्या लांब आलोच आहोत तर’ हे वाक्य जिथे बोलू नये अशी ती जागा आहे.

शुक्रवारी गडावर जायचं तर गुरुवारी रात्रीच शेवटच्या लोकलने कसारा गाठायचं आणि आधी सांगून ठेवलेल्या जीपने पहाटे रतनवाडीत उतरायचं. दोन तास पाठ टेकायची, साडेसातला गावातला वाटाड्या घेऊन निघायचं. या दिवसांत गवत कमरेएवढं असतं आणि जंगलातले फाटे चुकवतात, शिवाय कालपेक्षा आज पाणी किती आहे हे त्यालाच कळतं. चढायला तीन तास धरले तर साडेदहा-अकराला गणेश दरवाजा. नेढ्यापर्यंत फिरून साडेबाराला उतरायला लागायचं, चारच्या आत गावात. सूर्य साडेसहाच्या आधीच मावळतो आणि झाडीत त्याच्याही आधी अंधारतं, म्हणजे दोन तास हाताशी राहतात. ३ मिलिमीटरच्या दिवशी एवढी मोकळीक पुरते.

शनिवारी सकाळी अमृतेश्वराचं देऊळ. त्याची कोरीव कामं बघायला सकाळचं तिरपं ऊनच हवं, हा माझा हट्ट. नाश्ता करून जलाशयाच्या कडेने शेंडीमार्गे बारीला. जीपने हा तास-दीड तासाचा रस्ता आहे, पण बारा वाजता तिथे पोहोचलेलंच असायचं. दुपारचं जेवण, मग पडवीत बसून पाऊस बघणं. रविवारी पहाटे पाचला टॉर्च लावून निघायचं. शिड्यांपर्यंत उजाडलेलं असतं. साडेआठच्या सुमाराला माथा, साडेनऊला परत फिरायचं, साडेबारापर्यंत बारीत. रविवारची शक्यता ३० टक्के आहे आणि तीही दुपारनंतरची, तेव्हा परतीची वेळ ठरलेली हवी. साडेनवाला कुणी शिखराच्या खाली अर्ध्या तासावर असेल, तरी तिथूनच वळायचं. हे बुधवारीच सगळ्यांकडून कबूल करून घ्यावं, कारण शिखर दिसायला लागलं की कुणी कुणाचं ऐकत नाही.

सॅकची यादीसुद्धा याच आकड्यांतून निघते, आणि इतरांची जुनी यादी पुढे ढकलण्यापेक्षा ती लहान होते. पाऊस मुख्यतः छपराखाली असताना येणार, म्हणून पावसाचे दोन-दोन पोशाख नकोत. एक चेनचा, टोपीवाला रेनकोट पुरे. पोंचो स्वस्त आणि हवेशीर असतो, पण शिडीवर तो वाऱ्याने फुगतो, खालची कडा पायात येते आणि पायरी दिसेनाशी होते. छत्री गावात फिरायला ठीक. सॅकवरचं कव्हर बाहेरून पाणी अडवतं, पाठीकडून मात्र घाम आणि पाणी आत झिरपतं. त्यापेक्षा सॅकच्या आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी घालून तोंड पिळून बांधलं तर आतलं सगळं कोरडं राहतं. खताची धुतलेली गोणही चालते.

कपड्यांचं गणित २७ अंश आणि १४ अंश या दोन आकड्यांत बसतं. चढताना उकडणार, म्हणून अंगावर पातळ, लवकर सुकणारा टी-शर्ट आणि ट्रॅक पँट. जीन्स भिजली की जड होते आणि दिवसभर सुकत नाही. माथ्यासाठी पातळ स्वेटर किंवा फ्लीस एक, आणि वाऱ्याला तोच रेनकोट. जाड जॅकेट घरी ठेवा, ते डिसेंबरचं सामान आहे. कोरडा टी-शर्ट आणि मोज्यांचे दोन जोड मात्र वेगळ्या पिशवीत बांधून ठेवायचे आणि गावात पोहोचेपर्यंत उघडायचे नाहीत. बूट खोल नक्षीच्या तळाचे हवेत, गुळगुळीत झालेले जुने बूट शेवाळलेल्या दगडावर काही धरत नाहीत.

पाणी शुक्रवारी माणशी तीन लिटर, रविवारी थंडीत चढायचं म्हणून दोन लिटर पुरतं. हवेत दमटपणा असला की घाम सुकत नाही आणि गार वाटत नाही, म्हणून मीठ-साखर किंवा ओआरएसच्या पुड्या. पहाटे निघायचं असल्याने हातात धरायच्या टॉर्चऐवजी डोक्याला बांधायची टॉर्च, शिडीला दोन्ही हात मोकळे राहतात. पॉवर बँक, नेहमीची औषधं, दुपारचे डबे. बुरशीची पावडर छोटी गोष्ट वाटते, पण तीन दिवस ओल्या बुटांत पाय असतील तर तिसऱ्या दिवशी तिचीच आठवण येते. तंबू, स्टोव्ह, दोर यातलं काही नको. एवढं सामान पाच-सहा किलोंत बसतं.

विजेसाठी सॅकमध्ये घेण्यासारखं फार काही नाही, तिच्यासाठी घड्याळ लागतं. लखलखाट दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजायचे, तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीसच्या आत ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, उघड्या धारेवरून आणि लोखंडी शिडीपासून दूर व्हायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पुन्हा वर जायचं नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आसपासच्या वीस आणि चाळीस किलोमीटरमधल्या विजा दाखवतं, पण त्याला नेटवर्क लागतं आणि रतनवाडीत त्याचा भरवसा धरू नये. उथळ गुहेच्या तोंडाशी किंवा भिंतीला टेकून बसणं सुरक्षित नाही. पक्कं घर किंवा पत्र्याची बंद गाडी बरी.

अंदाज चुकतोय हे शुक्रवारीच कळू शकतं, फक्त बघायला हवं. दुपारनंतर येणारी सर सकाळी दहालाच आली, तर हवेत ओल अंदाजापेक्षा जास्त आहे, शनिवारचं घड्याळही दोन-तीन तास आधी सरकवायचं आणि बारीला दहाच्या आत पोहोचायचं. सकाळी नऊलाच फुलकोबीसारखे ढग उभे चढू लागले, त्यांचे माथे सपाट पसरायला लागले, किंवा उकाड्यात एकदम गार वारा सुटला, तर ॲप काही म्हणो, वर जायचं नाही. ओढ्याचं स्वच्छ पाणी गढूळ झालं, त्यात काड्या-पानं वाहू लागली किंवा त्याचा आवाज बदलला, तर वरच्या बाजूला पाऊस झालेला आहे. अलीकडच्याच काठावर थांबायचं. असे लोंढे पाऊस थांबल्यावर काही तासांत ओसरतात.

नवा स्क्रीनशॉट गुरुवारी रात्री कसाऱ्याला जाताना घ्यायचा आणि शनिवारी बारीकडे जाताना, जिथे नेटवर्क मिळेल तिथे पुन्हा एक, रविवारच्या तासागणिक पानाचा. प्रत्येक वेळी गावाचं नाव आणि घेतल्याची वेळ दिसेल असं चित्र ठेवायचं, म्हणजे जुनं-नवं मिसळत नाही. गुरुवारच्या चित्रात शनिवारचा पाऊस शुक्रवारी दुपारवर सरकलेला दिसला तर रतनगड सोडून द्यावा, कारण चढायला वेळ मिळेल पण परतीला पात्र मिळणार नाही. शनिवारचा पाऊस विरून गेलेला दिसला तरी बेत तसाच ठेवावा. बारीच्या घरी शनिवारच्या दुपारच्या जेवणाची माणसं आदल्या दिवशी सांगावी लागतात, तेव्हा तो फोन रतनवाडीत शिरण्याआधी, रेंज असतानाच करून टाकायचा.